कापसाचा बड कानाबाहेरच का थांबवावा, आणि दडे बसलेला कान घरी कसा हाताळावा

प्लास्टिकच्या काडीचे इअरबड १ जुलै २०२२ पासून भारतात बंद झाले. कचऱ्याच्या बाबतीत काटेकोर असलेल्या इंदुरात किराणा दुकानांतून आणि मेडिकलवर त्यांच्या जागी कागदी आणि बांबूच्या काडीचे बड दिसू लागले. पाकिटावर हिरवे पान छापलेले असते आणि त्यामुळे ही नवी वस्तू कानालाही अधिक सौम्य असावी, असा समज सहज होतो. तो चुकीचा आहे. बंदी काडीतल्या प्लास्टिकवर होती; कानाला होणारा त्रास काडीच्या टोकावरच्या कापसामुळे आणि तो आत सरकवणाऱ्या हातामुळे होतो. त्यात काहीही बदललेले नाही. अनेक पाकिटांवर ‘कानाच्या आत घालू नये’ अशी सूचना बारीक अक्षरांत छापलेली असते, म्हणजे ज्या कामासाठी बहुतेक लोक ही वस्तू विकत घेतात, नेमके तेच काम करू नये असे तिचा उत्पादक सांगत असतो.

या लेखात प्रामुख्याने एकाच परिस्थितीचा विचार केला आहे: वर्षानुवर्षे बड वापरणाऱ्या माणसाच्या कानाला एके दिवशी अचानक दडे बसतात, तेव्हा काय करावे, कोणत्या क्रमाने करावे आणि कुठे थांबावे. रोजच्या स्वच्छतेची साधने कोणती, हे त्यातूनच पुढे येईल.

मळ कुठे तयार होतो आणि बाहेर कसा येतो

मोठ्या माणसाच्या कानाची नळी बाहेरच्या तोंडापासून पडद्यापर्यंत साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते. तिचा बाहेरचा एक तृतीयांश भाग कूर्चेचा, म्हणजे मऊ हाडाचा असतो. तिथली त्वचा जाड असते, तिच्यावर बारीक केस असतात आणि मळ तयार करणाऱ्या ग्रंथी फक्त याच भागात असतात. आतला दोन तृतीयांश भाग हाडाचा असतो. तिथली त्वचा अत्यंत पातळ असून जवळजवळ थेट हाडावर ताणून बसवल्यासारखी असते. तिथे केस नाहीत, ग्रंथी नाहीत आणि म्हणून तिथे मळही तयार होत नाही. पडद्याजवळ मळाचा गोळा सापडला, तर बहुतेक वेळा तो बाहेरून आत ढकललेला असतो, हे या एका गोष्टीवरून लक्षात यावे.

मळ म्हणजे घाण नव्हे. त्वचेच्या मृत पेशी, तेलकट द्रव आणि या ग्रंथींचा स्राव यांचे ते मिश्रण असते. ते किंचित आम्लधर्मी असल्यामुळे जंतू आणि बुरशी यांना तिथे वाढणे अवघड जाते, तेलकट असल्यामुळे पाणी त्वचेत मुरत नाही, आणि चिकट असल्यामुळे धूळ बाहेरच्या बाहेर अडकते. एरवी शरीरावरची त्वचा जागच्या जागी झडते. कानात मात्र पडद्याच्या मध्यापासून त्वचेचा थर हळूहळू बाहेरच्या दिशेने सरकत असतो. वेग फार कमी, दिवसाला मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका किंवा त्याहूनही कमी. पण तो थांबत नाही. बोलताना आणि चावताना होणारी जबड्याची हालचाल बाहेरच्या भागातला मळ सुटा करण्यास मदत करते. निरोगी कानात मळ अशा रीतीने स्वतःहून तोंडाशी येतो, वाळतो आणि गळून पडतो.

बड नेमके काय बिघडवतो

बडचे टोक आणि कानाची नळी यांच्या रुंदीत फारसा फरक नसतो. त्यामुळे बड आत गेला की तो तोफेत दारू ठासणाऱ्या गजासारखा वागतो: कडेचा थोडा मळ कापसाला लागतो आणि उरलेला पुढे दाबला जातो. बाहेर आलेला पिवळा कापूस पाहून कान साफ झाल्याचे समाधान मिळते, परंतु जे आत गेले ते दिसत नाही. असे रोज घडले की ग्रंथी नसलेल्या, केस नसलेल्या आतल्या भागात मळाचा थर साचतो, आणि तो बाहेर सरकवण्याची नैसर्गिक व्यवस्था त्या ओझ्याखाली अडते.

दुसरा बिघाड खाजेचा आहे, आणि माझ्या मते बडची सवय सुटत नाही ती बहुतांशी याच्यामुळे. कापूस त्वचेवरचा तेलकट थर पुसून नेतो, त्वचा कोरडी पडते, कोरड्या त्वचेला खाज सुटते, खाजेसाठी पुन्हा बड घातला जातो आणि त्वचेवर न दिसणारे ओरखडे उमटतात. कानाच्या नळीत मज्जातंतूंची दाटी असल्यामुळे तिथे खाजवताना विलक्षण बरे वाटते. काहींना तर आत स्पर्श होताच खोकला येतो, कारण घशाशी संबंधित असलेल्या एका मोठ्या मज्जातंतूची शाखा कानापर्यंत आलेली असते. त्या ओरखड्यांवर पावसाळ्यातली दमट हवा आणि अंघोळीचे पाणी यांची भर पडली की जंतूंचा किंवा बुरशीचा संसर्ग होतो. जुलै-ऑगस्टमध्ये कान ठणकणे, कानात ओले वाटणे आणि काळसर किंवा पांढुरके कण दिसणे या तक्रारी वाढतात, त्यांच्या मुळाशी अनेकदा हेच असते.

तिसरा धोका पडद्याचा. कोपराला कोणाचा तरी धक्का लागला, मूल अंगावर येऊन आदळले, आंघोळीनंतर बड कानात ठेवून माणूस फोनकडे वळला, अशा क्षुल्लक कारणांनी पडद्याला भोक पडते. अमेरिकेत १९९० ते २०१० या काळात बडमुळे झालेल्या कानाच्या इजांसाठी सुमारे २,६३,००० मुलांना रुग्णालयांच्या तातडीच्या विभागात न्यावे लागले, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. त्यांतल्या बहुतेक मुलांच्या बाबतीत कान साफ करण्याचेच काम चालले होते.

उदाहरण: रंगपंचमीनंतरचे दडे

इंदूरच्या रामबागेत राहणारे साठीच्या आसपासचे एक गृहस्थ डोळ्यांसमोर आणू. रोज अंघोळीनंतर दोन्ही कानांत बड फिरवण्याची त्यांची वीस-पंचवीस वर्षांची सवय आहे. रंगपंचमीला ते राजवाड्याच्या बाजूला गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, पाहायला जातात; टँकरमधून उडणारे पाणी आणि गुलाल दोन्ही कानांत जातात. घरी येऊन ते भरपूर पाण्याने अंघोळ करतात, बड फिरवतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उजवा कान पूर्ण बंद झालेला असतो. स्वतःचाच आवाज डोक्यात घुमतो, समोरचा दुरून बोलल्यासारखा वाटतो. दुखत नाही, काही वाहत नाही.

मळ एका दिवसात तयार झालेला नाही. आधीच घट्ट बसलेल्या गोळ्याच्या कडेला बारीकशी फट शिल्लक होती, तिच्यातून आवाज आत जात होता. मळातल्या मृत पेशींनी पाणी शोषले, गोळा फुगला आणि फट बुजली. अंघोळीनंतर किंवा पोहून आल्यावर अचानक दडे बसण्यामागचे नेहमीचे कारण हेच आहे.

पहिली पायरी म्हणजे काहीही आत न घालणे. बड नाही, किल्ली नाही, केसांची पिन नाही, आगपेटीची काडी नाही आणि जुन्या डब्यातले कानकोरणेही नाही. नाक दाबून जोराने फुंकर मारू नये. बाहेरच्या नळीतला मळ त्याने सुटत नाही.

दुसरी पायरी म्हणजे स्वतःला काही प्रश्न विचारणे. या कानाचा पडदा पूर्वी कधी फुटला होता का? लहानपणी कान वाहत असे का? कानाची शस्त्रक्रिया झाली आहे का? आत्ता ठणका, ताप, पू किंवा रक्त आहे का? गरगरते आहे का? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल, तर कानात थेंब किंवा पाणी घालू नये आणि कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे. पडद्याला भोक असताना घातलेला द्रव मधल्या कानात उतरतो आणि तिथे संसर्ग निर्माण करू शकतो.

तिसरी पायरी फारशी कोणी करत नाही, म्हणून तिच्यावर थोडे थांबतो. तोंड बंद ठेवून सलग ‘म्‌ऽऽऽ’ असा हुंकार द्यावा आणि तो कोणत्या कानात मोठा ऐकू येतो, याकडे लक्ष द्यावे. मळाने किंवा पाण्याने वाट अडली असेल, तर हुंकार बंद वाटणाऱ्या कानातच मोठा घुमतो. याउलट एक कान अचानक बंद झाला आहे आणि हुंकार मात्र चांगल्या कानाकडे झुकतो आहे, असे जाणवले तर दोष नळीत नसून आतल्या कानाच्या मज्जातंतूत असण्याची शंका घ्यावी. असे अचानक आलेले बहिरेपण ही तातडीची बाब असते. औषधांचा उपयोग पहिल्या काही दिवसांत सर्वाधिक होतो आणि दोन आठवड्यांनंतर तो फार घटतो. ‘मळ असेल, बघू चार दिवस’ असे म्हणून थेंब घालत बसण्यात हाच काळ वाया जातो. हुंकाराने निदान पक्के होत नाही. पडद्यामागे पाणी साचले तरीही हुंकार त्याच बाजूला जातो. पण आजच्या आज डॉक्टर गाठायचा की नाही, हे ठरवायला त्याची मदत होते. शंका वाटली तर डॉक्टरकडे जाण्याच्या बाजूने कौल द्यावा.

आपल्या उदाहरणातल्या गृहस्थांना जुना आजार नाही, मधुमेह नाही, वेदना नाहीत आणि हुंकार उजव्या, म्हणजे बंद कानात घुमतो. त्यांनी घरी मळ मऊ करून पाहण्यास हरकत नाही.

मळ मऊ करण्याचे पाच दिवस

मेडिकलवर यासाठी मिळणाऱ्या थेंबांचे ढोबळ तीन प्रकार आहेत. पहिला पाण्यात मिसळणारा, आणि त्यातले सर्वांत परिचित औषध म्हणजे सोडा-ग्लिसरीन. खायच्या सोड्याचा क्षार मळातल्या मृत पेशींना पाणी धरायला लावतो आणि गोळा विरघळल्यासारखा सुटा होतो. दुसरा तेलकट: ऑलिव्ह तेल किंवा लिक्विड पॅराफिन. हे मळ विरघळवत नाहीत, फक्त त्याला मऊ आणि निसरडा करतात. तिसऱ्या प्रकारात पॅराडायक्लोरोबेंझिन, टर्पेंटाइन तेल, क्लोरब्युटॉल आणि बधिरता आणणारे बेंझोकेन एकत्र असतात. ‘वॅक्सचे ड्रॉप द्या’ असे सांगितले की बऱ्याचदा ही बाटली हातात येते. ती चालते, परंतु ओरखडे पडलेल्या कानात ती झोंबण्याची शक्यता अधिक असल्याने बडचा जुना सवयीचा कान असेल तर मी सोडा-ग्लिसरीन किंवा साधे तेल आधी निवडेन.

महाग बाटली अधिक गुणकारी, असे मात्र नाही. या विषयावरील चाचण्यांचा २०१८ साली एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात एक थेंब दुसऱ्यापेक्षा निश्चितपणे चांगला असल्याचे दिसले नाही. साधे पाणी किंवा सलाइनही फार मागे पडले नाही. पाच दिवस उपचार केल्यावर शंभरातल्या साधारण बावीस जणांचा मळ पूर्ण निघाला, काहीच न करणाऱ्यांत तो पाच जणांचा निघाला. याचा अर्थ थेंबांचा उपयोग होतो, पण पाच दिवसांनी कान पूर्ण मोकळा झाला नाही तर आपले काही चुकले असे समजण्याचे कारण नाही.

थेंब घालण्याची रीत अशी. बाटली दोन-तीन मिनिटे मुठीत धरून अंगाइतकी कोमट करावी, कारण थंड द्रव आत गेला तर क्षणभर जोराची चक्कर येते. बाटली गॅसवर, उकळत्या पाण्यात किंवा मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नये. डाव्या कुशीवर झोपावे, म्हणजे उजवा कान वर येईल. बाहेरचा कान वर आणि मागे हलकेच ओढल्यास वाकडी नळी सरळ होते. ड्रॉपरचे टोक त्वचेला न लावता चार-पाच थेंब सोडावेत, कानाच्या तोंडापुढचा छोटा उंचवटा बोटाने चार-पाच वेळा दाबावा, म्हणजे द्रव खाली उतरतो, आणि त्याच कुशीवर पाच ते दहा मिनिटे पडून राहावे. मग उठून बसावे आणि बाहेर येईल ते जुन्या मऊ फडक्याने टिपून घ्यावे. कापसाचा बोळा लगेच ठासू नये. तो औषधच शोषून घेतो. हे सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस करावे. बाटलीवर वेगळे प्रमाण लिहिले असेल तर ते पाळावे, आणि उघडलेली बाटली पुढच्या वर्षीसाठी जपून न ठेवता साधारण महिनाभराने टाकून द्यावी.

पहिल्या एक-दोन दिवसांत कान आधीपेक्षा अधिक बंद वाटतो, कारण मळ अजून फुगतो आहे. बहुतेक लोक याच टप्प्यावर घाबरून पुन्हा बड हातात घेतात आणि मऊ झालेला मळ पडद्यावर लिंपून ठेवतात. हे दोन दिवस बहिऱ्या कानाने काढणे, हाच या उपचाराचा अवघड भाग आहे. मात्र जळजळ होऊन ती थांबत नसेल, ठणका लागला, पिवळट किंवा दुर्गंधीयुक्त स्राव आला, गरगरू लागले किंवा थेंबाची चव घशात जाणवली, तर थेंब तिथेच बंद करावेत. घशात चव येणे म्हणजे पडद्याला भोक असल्याचा जवळजवळ थेट पुरावा होय.

सहाव्या दिवशी तीन शक्यता असतात. कान मोकळा झाला असेल, उशीवर तपकिरी डाग दिसले असतील आणि ऐकू पूर्ववत येत असेल, तर काम संपले. उरलेला मळ पाहायला फोनचा कॅमेरा किंवा आरसा घेऊन बसण्याची गरज नाही. दुसरी शक्यता म्हणजे थोडा फरक पडला पण दडे गेले नाहीत. तिसरी, काहीच बदलले नाही. नंतरच्या दोन्ही बाबतीत डॉक्टरकडे जावे, आणि पाच दिवस वाया गेले असे मानू नये, कारण मऊ झालेला मळ काढणे सोपे, लवकर होणारे आणि कमी दुखणारे असते.

आपल्या गृहस्थांची दुसरी शक्यता निघते. डॉक्टर दुर्बिणीतून पाहत बारीक नळीने मळ ओढून घेतात. या यंत्राचा आवाज कानात मोठा वाटतो आणि क्षणभर गरगरू शकते, म्हणून आधी सांगितलेले बरे. मळाखाली पडदा शाबूत निघतो, पण नळीची त्वचा लाल आणि सोललेली असते. म्हणून काही दिवस कान कोरडा ठेवायला सांगितले जाते. डाव्या कानातही अर्धा गोळा सापडतो, ज्याची त्यांना कल्पनाही नव्हती. तो अजून पूर्ण बंद झाला नव्हता, एवढेच.

पाण्याचा फवारा घरी मारावा का, हा प्रश्न नेहमी येतो. रबरी फुग्याची पिचकारी मेडिकलवर मिळते आणि काही देशांत ती घरी वापरायला सांगितलीही जाते. पडदा शाबूत असल्याची खात्री आहे, मधुमेह नाही आणि मळ आधी मऊ केला आहे, अशा प्रौढाने उकळून अंगाइतके कोमट केलेले पाणी हळू दाबाने, नळीच्या वरच्या-मागच्या भिंतीकडे रोखून सोडले, तर ते चालू शकते. टोक नळी बुजवेल इतके आत घालू नये. पाण्याला बाहेर यायला वाट हवी. दुखले किंवा चक्कर आली की थांबावे. दात धुण्याच्या विजेच्या फवाऱ्याने मात्र हे कधीही करू नये, त्याचा दाब पडदा फाडू शकतो. माझा कल विचाराल, तर डॉक्टर रिक्षाच्या अंतरावर असताना पिचकारीच्या भानगडीत पडू नये.

रोज काय वापरावे

रोजच्या स्वच्छतेला लागणारी वस्तू बहुतेकांच्या घरी असतेच: मऊ सुती पंचा. अंघोळीनंतर त्याचे टोक तर्जनीवर गुंडाळून बाहेरच्या कानाच्या घड्या, कानामागची खाच आणि नळीचे तोंड पुसावे. बोट जिथवर सहज पोहोचते, तिथेच हद्द संपते. तोंडाशी वाळका मळ दिसत असेल तर पंचा कोमट पाण्याने ओला करावा. बड घरात असलाच, तर तो या बाहेरच्या घड्यांसाठी, कानातल्याच्या भोकाभोवती किंवा मलम लावण्यासाठी वापरता येतो. टोकाआधी फुगीर अडथळा असलेले लहान मुलांचे बड तुलनेने सुरक्षित आहेत, परंतु त्यांचे कामही बाहेरपुरतेच.

कानात पाणी गेले तर डोके त्या बाजूला झुकवून, बाहेरचा कान वर-मागे ओढत पाणी निथळू द्यावे. तरीही ओले वाटत असेल, तर केस वाळवण्याचे यंत्र सर्वांत कमी उष्णतेवर, एक हात अंतरावरून अर्धा-एक मिनिट धरावे. रोज पोहणाऱ्यांसाठी सिलिकॉनची बुचे मिळतात. ती आपल्या मापाची असावीत आणि वापरानंतर धुऊन वाळवावीत. पडदा फुटलेल्या माणसाने, आणि खरे तर गेर पाहायला जाणाऱ्या कोणीही, कापसाच्या बोळ्याला व्हॅसलीन चोपडून तो कानाच्या तोंडाशी हलकेच बसवावा. आत ठासायचा नाही. पाणी अडवण्यासाठी व्हॅसलीनचा थर पुरेसा असतो.

खाज हा वेगळा प्रश्न आहे आणि तिचे उत्तर काडी नसून थोडी ओल हे आहे. हिवाळ्यात त्वचा कोरडी पडून खाज सुटत असेल, पडदा शाबूत असेल आणि कान वाहत नसेल, तर आठवड्यातून एकदा एक-दोन थेंब ऑलिव्ह तेल किंवा लिक्विड पॅराफिन पुरते. बड बंद केल्यावर पहिले दोन-तीन आठवडे खाज जाणवते, मग त्वचेचा तेलकट थर परत येतो आणि ती ओसरते. तीन-चार आठवड्यांनंतरही ती टिकली किंवा खाजेसोबत ओलसरपणा असेल, तर बुरशी किंवा इसब असू शकते. बुरशीच्या कानात तेल घातले तर ती उलट बळावते.

आजीच्या काळातल्या तेलाबद्दल इथेच बोलून घेतो. तेलाने मळ मऊ होतो हे तिचे निरीक्षण बरोबर होते. बिघडते ते लसूण परतून कडकडीत झालेले मोहरीचे तेल, पळीतून अंदाजाने ओतलेले प्रमाण आणि पडदा शाबूत आहे की नाही याचा पत्ता नसणे. भाजलेली नळी आणि लसणाच्या तुकड्याने सोललेली त्वचा बरी व्हायला मळापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो.

बाजारात मिळते, पण घेऊ नये

कानात लावायची मेणबत्ती मळ ओढून काढते, असा दावा केला जातो. ती पेटवल्याने ओढ निर्माण होत नाही. आत दिसणारा पिवळा चुरा तिच्याच मेणाचा असतो, आणि गरम मेण पडद्यावर पडून भाजल्याच्या घटना घडल्या आहेत. फोनला जोडायची कॅमेऱ्याची कोरणी अधिक मोहात पाडते, कारण आतले चित्र दिसते. पण फोनवर दिसणाऱ्या सपाट चित्रात कानाचा पडदा किती लांब आहे, हे कळत नाही, आणि कोरणी शेवटी कोरणीच असते. सिलिकॉनचे मळसूत्री टोक आणि बॅटरीवरचा छोटा ओढपंपही याच पंगतीतले. रस्त्यावर कान साफ करून देणाऱ्यांकडे कौशल्य असेलही, परंतु तीच सळई आणि तेच कापडाचे टोक एका कानातून दुसऱ्या कानात जाते.

घाव साफ करण्यासाठी घरात ठेवलेले हायड्रोजन पेरॉक्साइड कानात ओतण्याचा सल्लाही फिरत असतो. आपल्याकडे मिळणारी बाटली अनेकदा ६ टक्क्यांची असते, म्हणजे कानासाठी इतरत्र सांगितल्या जाणाऱ्या ३ टक्क्यांच्या दुप्पट. अंदाजाने पातळ करून ते घालण्याऐवजी सोडा-ग्लिसरीन आणावे.

ज्यांनी घरगुती प्रयोग टाळावेत

मधुमेह असलेल्या माणसाच्या बाबतीत नियम कडक आहेत. नळीतल्या लहानशा ओरखड्यातून शिरलेले जंतू त्याच्या बाबतीत हाडापर्यंत पोहोचू शकतात, आणि साध्या नळाच्या पाण्याने कान धुण्यामुळे ही सुरुवात होऊ शकते. त्याने पिचकारी वापरू नये, थेंबही विचारून घालावेत. रात्री झोपू न देणारा कानाचा ठणका असेल तर एक दिवसही थांबू नये. प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

लहान मुलांच्या कानात स्वच्छतेसाठी काहीही घालण्याची गरज नसते. न्हाऊ घातल्यावर बाहेरचा कान पुसला की झाले. बाळ कान ओढते म्हणून मळ असेलच असे नाही. डॉक्टरांनी थेंब दिले, तर तीन वर्षांखालच्या मुलाचा कान मोठ्यांसारखा वर नव्हे तर खाली आणि मागे ओढावा, कारण त्याच्या नळीचा कल वेगळा असतो.

श्रवणयंत्र लावणाऱ्यांच्या कानात मळ अधिक साचतो, कारण यंत्राचा साचा दिवसभर बाहेरची वाट अडवून बसतो. यंत्र शिट्टी मारू लागले किंवा आवाज बारीक झाला, तर बॅटरी बदलण्याआधी साच्याच्या तोंडावरची मळाची जाळी पाहावी; ती यंत्रासोबतच्या छोट्या ब्रशने रोज रात्री, तोंड खाली धरून झाडावी आणि बुजली की बदलावी. अशा व्यक्तींनी, तसेच ज्यांच्या कानात वारंवार गोळा बनतो त्यांनी, दडे बसण्याची वाट न पाहता दर सहा ते बारा महिन्यांनी कान तपासून घ्यावा. बिनतारी इअरफोन तासन्‌तास कानात ठेवणाऱ्यांनीही त्याची रबरी टोके आठवड्यातून एकदा काढून साबणाच्या पाण्याने धुवावीत, आणि पूर्ण वाळल्यावरच परत चढवावीत.